पब्लिक प्लेलिस्टचे नाव, डिस्क्रिप्शन आणि कव्हर: जुन्या भीमगीतांचे उदाहरण

प्रश्न: स्पॉटिफायवर माझी जुन्या भीमगीतांची पब्लिक प्लेलिस्ट आहे, नाव ‘निळी पहाट’. ऐंशीच्या वर गाणी आहेत, सगळी निवडून टाकलेली. पण दोस्तांशिवाय कोणी सेव्ह करत नाही, सर्चमध्ये पण सापडत नाही. नाव, डिस्क्रिप्शन आणि कव्हर कसे करू? मी नागपूरचा आहे.

उत्तर:

भाऊ, सगळ्यात आधी प्लेलिस्ट उघडा, तीन टिंबं दाबा आणि ती खरंच पब्लिक आहे का, प्रोफाइलवर दिसते का ते पाहून घ्या. प्रायव्हेट राहिली असेल तर बाकी काहीही केले तरी ती सर्चमध्ये येणार नाही. ते ठीक असेल तर मग गोष्ट नावाची आहे, आणि माझ्या मते तुमच्या केसमध्ये सत्तर टक्के काम नावातच आहे.

‘निळी पहाट’ हे नाव सुंदर आहे, त्याच्यामागची भावना मला समजते. पण ज्या माणसाला ही गाणी पाहिजेत तो सर्चमध्ये ‘निळी पहाट’ टाइप करणार नाही, कारण हे नाव त्याला माहीतच नाही. तो काय टाइप करते ते शोधायचे आहे. आपल्याकडे बहुतेक लोक मराठी गाणी शोधतात तेव्हा कीबोर्ड इंग्रजीच ठेवतात. म्हणजे `bhim geet`, `bhimgeet`, `jai bhim song`, `old bhim geet` असे. काही जण देवनागरीत ‘भीमगीते’ किंवा तोडून ‘भीम गीत’ लिहितात. हे अंदाजाने ठरवू नका, बघता येते. सर्च बॉक्समध्ये `bhim` एवढेच लिहून थांबा, खाली ज्या सूचना येतात त्या वाचा. मग हेच युट्यूबवर करा, तिथे सूचना जास्त येतात. गुगल ट्रेंड्सवर दोन-तीन स्पेलिंगं एकमेकांसमोर टाकून महाराष्ट्र निवडला आणि वेब सर्चच्या जागी युट्यूब सर्च केला तर कोणते स्पेलिंग जास्त चालते ते पण दिसते.

स्पेलिंगच्या बाबतीत एक सांभाळायचे. `Bheem` असे दोन ई टाकून लिहू नका. उच्चाराला ते बरोबर वाटते, पण त्या स्पेलिंगवर लहान मुलांच्या कार्टूनची गाणी येऊन बसतात आणि तुमची लिस्ट त्याच्यात हरवते. नुसते `Bhim` पण पुरत नाही, ते पैसे पाठवायच्या अॅपचे पण नाव आहे, त्याच्यासोबत `Geet` पाहिजेच.

आणि नुसत्या `Bhim Geet` वर पण वर येणे कठीण आहे, कारण सर्चमध्ये शब्द जुळण्यासोबत लिस्ट आधीच किती चालते तेही मोजले जाते, त्याच्यामुळे हजारो सेव्हवाल्या लिस्टा वर बसलेल्या असतात. तिथे नव्याने घुसायला जागा अरुंद पकडावी लागते. तुमची ताकद ‘जुनी’ या शब्दात आहे. कॅसेटच्या काळातली गाणी, गायन पार्टीवाल्या कव्वाल्या, डीजे मिक्स नाही. ज्याला ते पाहिजे त्याला तेच पाहिजे असते, आणि तो सापडला की सेव्ह करून ठेवते. म्हणून नाव असे करा:

```
Old Bhim Geet · जुनी भीमगीते
```

स्पॉटिफाय नावाला शंभर अक्षरं देते, पण ती भरायची गरज नाही. फोनवर सर्चच्या यादीत नावाचा सुरुवातीचा तुकडाच दिसते, पुढे तीन टिंबं येतात, आणि किती दिसते ते फोनवर अवलंबून आहे. म्हणून कामाचे शब्द पहिल्या पंचवीस-तीस अक्षरांत आणा. वरचे नाव तेवढ्यात बसते, दोन्ही लिप्या येतात. ‘बेस्ट’, ‘टॉप’, ‘सुपरहिट’ आणि पुढे हृदयाचे पाच इमोजी, हे टाकू नका, त्याने जागा खाल्ली जाते आणि वाचणाऱ्याला काही नवीन कळत नाही. साल पण टाकू नका. डीजेवाल्या लिस्टेला साल शोभते कारण तिथे लोक नवीन शोधतात, तुमच्या लिस्टेला ते पुढच्या वर्षी शिळे करून टाकते.

‘निळी पहाट’ सोडवत नसेल तर ते कव्हरवर ठेवा किंवा नावात शेवटी जोडा, पुढे नको. नाव बदलले म्हणून आधी वाटलेली लिंक तुटत नाही, लिंक प्लेलिस्टच्या आयडीवर चालते, तेव्हा ज्यांनी आधी सेव्ह केली त्यांच्याकडे ती तशीच राहते.

आता डिस्क्रिप्शन. इथे तीनशे अक्षरं मिळतात. एंटर मारून ओळी पाडल्या तरी सेव्ह केल्यावर सगळे एकाच परिच्छेदात येते, आणि बाहेरच्या वेबसाइटची लिंक टाकायची ही जागा नाही. सर्चमध्ये डिस्क्रिप्शनचा भार नावाइतका धरू नका. त्याचे खरे काम वेगळे आहे. माणूस सर्चमधून आत आला, दोन सेकंद पाहते, राहायचे का परत जायचे ते ठरवते, त्या दोन सेकंदासाठी हे लिहायचे. त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, कोणाची गाणी, कोणत्या प्रकारची, आणि लिस्ट जिवंत आहे का. मी असे लिहीन:

```
वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या काळातली भीमगीते आणि कव्वाल्या. डीजे रिमिक्स नाही. Old Marathi Bhim Geet, qawwali, 14 April, Dhammachakra Pravartan Din. दर महिन्याला नवी भर. नागपूर.
```

हे तीनशेच्या आत आरामात बसते. याच्यात ‘डीजे रिमिक्स नाही’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. जयंतीच्या महिन्यात सर्चमध्ये जे येते त्याच्यात रिमिक्स भरपूर असतात, आणि ज्याला घरी आईवडिलांसोबत शांतपणे ऐकायचे आहे तो नेमके हेच शोधत असते. काय नाही हे सांगितले की त्याचा भरवसा बसते.

नावं तीच टाका ज्यांची गाणी लिस्टमध्ये आहेत, आणि शक्यतो वरच्या दहा-बारा गाण्यांतच आहेत. लोक पंधरा-वीस गायकांची नावं स्वल्पविराम देऊन ओततात, की कोणत्यातरी नावावर सर्च लागेल. मग माणूस त्या नावासाठी येते, वरच्या गाण्यांत ते दिसत नाही, परत जाते. गाण्यांचा क्रम पण याच्यासाठी पाहून घ्या, नावात ‘जुनी’ म्हटले आणि पहिलेच गाणे मागच्या वर्षीचे असले तर बात बिघडली. ‘दर महिन्याला नवी भर’ हे पण जमत असेल तरच लिहा.

कव्हरचे सांगतो. काहीच लावले नाही तर स्पॉटिफाय पहिल्या चार अल्बमचे चौकोन जोडून दाखवते. जुन्या भीमगीतांच्या अल्बमची चित्रं आधीच गर्दीची असतात, फोटो, नावं, कंपनीचा शिक्का, त्याचे चार तुकडे छोटे होऊन लागले की काही ओळखू येत नाही. म्हणून स्वतःचे लावा. चौकोनी, जेपीजी, कमीत कमी ३०० बाय ३०० पिक्सेल लागते, तुम्ही १००० बाय १००० करा म्हणजे मोठ्या स्क्रीनवर फाटत नाही.

तुम्ही नागपुरात आहात ना, मग चित्र तुमच्या गावातच आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो स्वतः काढा, सकाळी लवकर, आकाश स्वच्छ असताना. पांढरा घुमट आणि मागे एकसारखे आकाश, याच्यापेक्षा सोपा आणि ओळखीचा आकार या विषयात दुसरा नाही. पूर्ण इमारत, खांब, कमान, गर्दी असे सगळे घेऊ नका. क्रॉप करताना घुमट आणि वरचा कळस एवढेच ठेवा, चौकोनाच्या खालच्या अर्ध्यात, वरच्या आकाशात अक्षरं. अक्षरं पण दोनच शब्द, ‘जुनी भीमगीते’. गायकांची नावं कव्हरवर नको, कोणालाच वाचता येत नाहीत.

देवनागरी छोट्या आकारात लवकर बिघडते. ‘भी’ची वेलांटी आणि ‘ते’ची मात्रा बारीक फॉन्टमध्ये गळून जाते, आणि दोन ओळींत लिहिले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरते, तुमच्या नावात ‘जु’च्या खाली नेमके ‘भी’ येते. म्हणून जाड फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा बालू २ यांचे एक्स्ट्रा बोल्ड गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, आणि ओळींमधले अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. अक्षरं कोपऱ्यापासून आत, कारण अॅप कोपरे थोडे गोल करते.

रंगाचे थोडे विचार करून. निळा तर येणारच, पण `bhim geet` सर्च करून यादी पाहिली तर बरेच कव्हर भडक निळेच दिसतात, त्याच्यात आणखी एक भडक निळे दिसत नाही. पहाटेचा गडद निळा आणि त्याच्यावर पांढरा घुमट, हा फरक अंगठ्याएवढ्या चौकोनात पण टिकते. शिवाय प्लेलिस्ट उघडली की पानाच्या वरच्या भागाचा रंग अॅप कव्हरमधूनच घेते, म्हणजे गडद निळा घेतला की अख्खे पान तुमच्या लिस्टेचे वाटते. तुमची ‘निळी पहाट’ तिथे आपोआप येते, ते नाव लिहायची गरज पण राहत नाही. तपासायचे असे की चित्र स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवा, चॅटमध्ये न उघडता हात लांब करून पाहा. घुमट ओळखू आला आणि दोन शब्द वाचता आले तर झाले.

नेटवरून उतरवलेले बाबासाहेबांचे पेंटिंग, गायकाचा फोटो, कॅसेटचे जुने कव्हर, स्पॉटिफायचा लोगो, हे वापरू नका. ते कोणाच्या तरी मालकीचे असते, कोणी रिपोर्ट केले की कव्हर काढून टाकले जाते, आणि रिपोर्टमध्ये कधी नाव आणि डिस्क्रिप्शन पण उडते. म्हणून दोन्हीचा मजकूर फोनच्या नोट्समध्ये जपून ठेवा.

आता फरक पडला का ते कसे कळेल. साध्या अकाउंटला प्लेलिस्ट किती वेळा वाजली याचा आकडा मिळत नाही, फक्त सेव्ह दिसतात. म्हणून बदल केला त्या दिवसाचा सेव्हचा आकडा लिहून ठेवा, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत लिंक कुठेच शेअर करू नका. लिंक न टाकता आकडा हलला तर ते सर्चमधून आलेले लोक आहेत. स्वतःच्या फोनवर सर्च करून खूश होऊ नका, ते निकाल तुमच्या ऐकण्याप्रमाणे लागतात, तुम्हाला तुमची लिस्ट वर दिसणारच. ज्याने तुमची लिस्ट कधी उघडली नाही अशा माणसाच्या फोनवर `old bhim geet` टाका, वर प्लेलिस्टचा फिल्टर दाबा आणि कितव्या नंबरला येते ते पाहा. अजिबात दिसत नसेल तर नावात गडबड आहे. दिसते पण सेव्ह होत नसेल तर कव्हर, डिस्क्रिप्शन किंवा वरची दहा गाणी पाहा, आणि एका वेळी एकच बदला, नाही तर कशाने झाले ते कळत नाही.

या गाण्यांचा सर्च वर्षभर सारखा नसते. १४ एप्रिलच्या आधीचे आठवडे आणि मग दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लोक येतात तेव्हा. बदल मार्चच्या सुरुवातीलाच करून टाका, म्हणजे नवीन नावावर थोडे सेव्ह आधीच जमलेले असतील. नेमक्या जयंतीच्या आठवड्यात नावाला हात लावू नका. त्या आठवड्यात आलेला माणूस पुढे दसऱ्याला परत येते, आणि तेव्हा तो तुमची लिस्ट त्याच नावाने शोधणार.