इंग्रजी उतारा मराठीत उतरवताना वाक्य कुठे तोडायचं?

प्रश्न: दादा, यूपीएससीच्या अनिवार्य मराठी पेपरची तयारी चालू आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, तपासून देणारं कोणी नाही. भाषांतर व्याकरणाने बरोबर वाटतं, पण वाचलं की मराठी वाटत नाही. वाक्प्रचार आले की अडतो आणि लांब वाक्यांचा क्रम लागत नाही. सरावाचा एक उतारा जसा बोलतो तसा टाकतो, यावरच समजावून सांगा:

"दि ओल्ड स्कूलमास्टर, हू हॅड टॉट थ्री जनरेशन्स ऑफ द व्हिलेज विदाउट वन्स रेझिंग हिज व्हॉइस, वॉज नॉट ईझिली अपसेट. बट व्हेन ही हर्ड दॅट द वेल बिहाइंड द स्कूल, विच हॅड बीन डग बाय द व्हिलेजर्स विथ देअर ओन हँड्स, वॉज टू बी फिल्ड अप, ही हिट द रूफ. इट वॉज नॉट अंटिल द हेडमन हिमसेल्फ केम टू हिज डोअर दॅट ही कूल्ड डाउन. 'यू हॅव बीन बार्किंग अप द राँग ट्री, गुरुजी,' सेड द हेडमन, वायपिंग हिज फोरहेड. 'इट इज द पिट नेक्स्ट टू इट दॅट इज गोइंग टू बी फिल्ड.'"

माझं पहिलं वाक्य असं झालं: "म्हातारा शाळामास्तर, ज्याने गावाच्या तीन पिढ्यांना एकदाही आवाज न चढवता शिकवले होते, तो सहजपणे अस्वस्थ होत नव्हता."

उत्तर: भाऊ, उतारा चांगला निवडलात. पेपर ३०० गुणांचा, वेळ तीन तास, आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराला २० गुण. त्या हिशेबाने या प्रश्नाला बारा मिनिटं येतात. कच्चं लिहून पक्कं करायला एवढा वेळ पुरत नाही, म्हणून वाक्य कुठे तोडायचं हे पेन टेकवण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

तुमच्या वाक्यात शब्द बहुतेक बरोबर आहेत, खटकतो तो 'ज्याने'. इंग्रजीत 'हू' आणि 'विच' नामाच्या मागे येऊन बसतात आणि मुख्य वाक्य मधोमध थांबवून ठेवतात. मराठीत वाक्य असं मध्येच थांबलं की वाचणारा क्रियापदाची वाट पाहत राहतो. आपल्याकडे यावर दोन सोयी आहेत. एक म्हणजे ते पोटवाक्य '-लेला' किंवा '-णारा' लावून विशेषण करायचं आणि नामाच्या आधी ठेवायचं. दुसरी म्हणजे सरळ दोन वाक्यं करायची. कुठे कोणती वापरायची हे अंदाजावर सोडायची गरज नाही, क्रियापदच ते सांगतं.

तुमच्या उताऱ्यात अशी दोन पोटवाक्यं आहेत. विहिरीचं आधी घ्या. विहीर खणली गेली, म्हणजे ती कर्म आहे. 'खणणे' सकर्मक, आणि सकर्मक क्रियापदाचं '-लेला' रूप बहुतेक वेळा कर्माला चिकटतं: खणलेली विहीर, वेचलेला कापूस, लिहिलेलं पत्र. म्हणून इथे "गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेली शाळेमागची विहीर" असं एका दमात म्हणता येतं. 'जी' नको, 'ती' नको आणि 'गावकऱ्यांच्या द्वारे' तर मुळीच नको. इंग्रजीतलं 'बाय' दिसलं की हात आपोआप 'द्वारे'कडे जातो. पण मराठीत कर्त्याला 'नी' लावला की काम झालं.

आता गुरुजींचं पाहा. गुरुजी शिकवणारे, म्हणजे कर्ता. "तीन पिढ्यांना शिकवलेले गुरुजी" असं लिहिलं तर क्षणभर वाटतं की गुरुजींनाच कोणी शिकवलं. '-लेला' इथे कर्त्याला नीट चिकटत नाही. 'शिकवणारे' चालेल, पण त्याने शिकवणं अजून चालू आहे असा भास होतो, शिवाय मध्ये 'आवाज न चढवता' घातलं की ओझं वाढतं. म्हणून इथे तोडायचं: "वृद्ध गुरुजींनी गावाच्या तीन पिढ्यांना शिकवले होते, पण एकदाही आवाज चढवला नाही. ते सहजासहजी चिडत नसत." पार्श्वभूमी आधी आली, मुख्य म्हणणं नंतर. अर्थातलं काही गळलं नाही. 'शिकणे', 'जेवणे' अशी मोजकी क्रियापदं याला अपवाद आहेत. शिकलेली मुलगी म्हणजे शिकणारीच, जेवलेला माणूस म्हणजे जेवणाराच. शंका आली तर रूप जोरात म्हणून पाहा, घरात जे बोलतो ते कानाला लगेच कळतं.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट परीक्षकाच्या नजरेत भरेल: 'ज्याने', 'तो'. इंग्रजी 'ही' सगळ्यांना एकच. मराठीत तीन पिढ्यांना शिकवणाऱ्या माणसाला कोणी 'तो' म्हणत नाही. पहिल्याच ओळीत 'गुरुजी… ते' ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. अर्ध्या उताऱ्यात 'ते' आणि अर्ध्यात 'तो' हा घोळ घाईत फार होतो. 'शाळामास्तर' शब्द चुकीचा नाही, पण पुढे पाटील, म्हणजे उताऱ्यातला 'हेडमन', त्यांना 'गुरुजी' म्हणतातच, तर तोच सुरुवातीपासून ठेवा.

दुसऱ्या वाक्यात काळाची एक खोच आहे. 'ही हर्ड दॅट… वॉज टू बी फिल्ड अप' यात ऐकणं भूतकाळात, म्हणून इंग्रजी पुढचंही भूतकाळात ओढते. मराठी तसं करत नाही. ज्या क्षणी ऐकलं त्या क्षणी जे शब्द कानावर पडले, तेच आपण ठेवतो: "विहीर बुजवणार आहेत, हे कानावर येताच". "बुजवली जाणार होती" लिहिलं की मराठी वाचकाला वाटतं, बेत होता पण बारगळला. म्हणजे इथे नुसती शैली बिघडत नाही, अर्थच उलटतो.

'हिट द रूफ' म्हणजे एकदम भडकणं. छताचा इथे काही संबंध नाही. मराठीत पर्याय पुष्कळ: पारा चढला, अंगाचा तिळपापड झाला, तळपायाची आग मस्तकात गेली. कोणताही उचलून चालत नाही. तिळपापडात माझ्या कानाला चडफड ऐकू येते, आतल्या आत जळणं. पारा चढायला रोजचा चिडका माणूसही चालतो. इथे कधीच न चिडणारा माणूस एका बातमीने पेटला आहे, म्हणून मी तळपायाची आग घेईन. "ते अतिशय संतापले" एवढंच लिहिलंत तरी ते चूक ठरणार नाही, फक्त आधीच्या शांत वाक्याशी जो विरोध उभा राहायला हवा तो फिका पडेल.

'बार्किंग अप द राँग ट्री'ला मात्र वेगळा विचार लागतो. शब्दशः केलंत तर पाटील गुरुजींना 'भुंकताय' म्हणतील आणि गोष्ट तिथेच संपेल. आपल्याकडे 'साप म्हणून भुई धोपटणे' आहे आणि मोह होतो. पण त्यात मुळात साप नसतोच, उगाच कांगावा असतो. इथे बुजवायचं काम खरंच निघालं आहे, फक्त जागा वेगळी. शिवाय पाटील घाम पुसत समजूत घालायला आले आहेत, टोमणा मारायला नाहीत. म्हणून इथे वाक्प्रचार सोडून द्यावा: "गुरुजी, तुमचा भलताच गैरसमज झाला आहे." वाक्प्रचाराला वाक्प्रचारच हवा असा हट्ट नको. बोलणारा कोण आणि कोणाशी बोलतो आहे, हे आधी.

'कूल्ड डाउन'ला 'थंड झाले' नको. माणूस थंड झाला म्हटलं की गावात लोक भलताच अर्थ घेतात. "राग निवळला" म्हणा. तसंच 'वायपिंग हिज फोरहेड'. 'कपाळ पुसत' असं नुसतं लिहिलं तर कुंकू पुसण्याची अशुभ आठवण मध्ये येते. "कपाळावरचा घाम पुसत" लिहा. घाम मूळात लिहिलेला नसला तरी तोच पुसला जातो आहे, त्यामुळे ही पदरची भर ठरत नाही.

'इट वॉज नॉट अंटिल… दॅट' ही रचना 'जोपर्यंत… तोपर्यंत'ने उभी करता येते, पण नकार दोनदा येतो आणि गुंता होतो. मराठीत याला नेमकी जागा 'तेव्हा कुठे'ची: "खुद्द पाटील त्यांच्या दारात आले, तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला." उशीर, वाट पाहणं, शेवटी एकदाचं होणं हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. शेवटच्या 'इट इज द पिट… दॅट'मध्येही जोर आहे, तो 'हा तो खड्डा आहे जो' असा आणायचा नाही. मराठीत शब्दाची जागा बदलली की जोर येतो: "बुजवायचा आहे तो विहिरीशेजारचा खड्डा." मूळात नुसतं 'नेक्स्ट टू इट' आहे, पण विहिरीचा उल्लेख होऊन बराच मजकूर गेला, म्हणून 'तिच्या' न लिहिता 'विहिरीशेजारचा' लिहिलं.

बोलणाऱ्याचं नाव अवतरणाच्या मधोमध घालणं ही इंग्रजीची सवय. मराठीत "पाटील म्हणाले" आधी घ्या आणि दोन्ही तुकडे जोडा. सगळं मिळून असं होतं:

"वृद्ध गुरुजींनी गावाच्या तीन पिढ्यांना शिकवले होते, पण एकदाही आवाज चढवला नाही. ते सहजासहजी चिडत नसत. मात्र गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेली शाळेमागची विहीर बुजवणार आहेत, हे कानावर येताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुद्द पाटील त्यांच्या दारात आले, तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला. कपाळावरचा घाम पुसत पाटील म्हणाले, 'गुरुजी, तुमचा भलताच गैरसमज झाला आहे. बुजवायचा आहे तो विहिरीशेजारचा खड्डा.'"

आता आपल्या इकडच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. इंग्रजीशी झगडताना लक्ष तिकडे असतं आणि इथलं बोलणं हळूच कागदावर उतरतं. मी यवतमाळकडचा, रोज असंच बोलतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण या पेपरात प्रमाण मराठी अपेक्षित असते. 'गुरुजींना माहिती पडलं' इथे 'समजलं' किंवा 'कळलं' हवं. 'घाम पुसून राहिले होते' इथे 'पुसत होते'. 'त्यांची मदत केली' ही हिंदीची सावली, 'त्यांना मदत केली' लिहा. 'पुस्तक भेटलं' नव्हे, 'मिळालं'. भेटतात ती माणसं. संवादात वऱ्हाडी घालण्याचा मोह पाटलांमुळे होईल, पण उतारा कोणत्या गावचा हे सांगितलेलं नाही, तेव्हा तिथेही प्रमाणच ठेवा.

'हेडमन'ला 'मुखिया' लिहू नका, तो हिंदी झाला. 'सरपंच' निवडून आलेला असतो आणि इंग्रजी उताऱ्यात तो बहुधा सरपंच म्हणूनच येतो. 'पोलीस पाटील' हे १९६७च्या कायद्यातलं सरकारी पद. नुसतं 'पाटील' किंवा 'गावचे पाटील' इथे बसतं. पण उताऱ्यात ग्रामपंचायत, निवडणूक असं काही दिसलं, तर 'सरपंच' करा आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा.