आधी मोजा, मग उतरवा

प्रश्न: रोज रात्री एक क्वार्टर व्हिस्की होते. हळूहळू कमी करायची आहे, कसं करू?

पहिला आठवडा काहीही कमी करू नका, फक्त मोजा. अंदाजाने ओतलेला पेग वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो, म्हणून ३० मिलीचं माप आणा आणि ओतण्याआधीच वहीत वेळ लिहा. नंतर लिहू म्हटलं की शेवटचे पेग विसरले जातात. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा छोटे पेग.

दुसऱ्या आठवड्यात रोज पाच, तिसऱ्यात चार, असं उतरा. जमलं नाही तर त्याच आकड्यावर आणखी एक आठवडा थांबा, पण वर चढू नका. ठरलेलं माप संध्याकाळीच वेगळं काढून बाकीची बाटली घरच्यांच्या हाती द्या. दोन पेग झाल्यावर आकडा पाळणं अवघड जातं, हे मी स्वतः अनुभवलंय.

जेवण आधी करा, रिकाम्या पोटी दारू पटकन चढते. शरीराला एक छोटा पेग जिरवायला साधारण तासभर लागतो, तेव्हा दोन पेगमध्ये तेवढं अंतर आणि मध्ये ग्लासभर पाणी ठेवा.

मात्र सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल किंवा पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भास झाले असतील, तर हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. अशा वेळी अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा; व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.