फ्लॅट मुंबईत, लवाद बंगळुरूत: दावा कुठे लावायचा?

प्रश्न: माझा फ्लॅट मुंबईत आहे, मी बंगळुरूला राहतो. लिव्ह अँड लायसन्स करारात लिहिलंय की कर्नाटकचा कायदा लागू आणि वाद फक्त बंगळुरूत, मालकाने नेमलेल्या लवादापुढे. ११ महिने संपले, भाडेकरू निघत नाही. लवाद नेमू का?

उत्तर:

नेमू नका. मी अशी प्रकरणं चालवतो. एका मालकाने असंच लवादापुढे आठ महिने घालवले आणि शेवटी मुंबईतच नव्याने अर्ज करावा लागला. ते आठ महिने त्यांना कोणी परत दिले नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली आणि भाडेकरू बसून राहिला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. घर ज्याच्या हद्दीत, तोच प्राधिकारी. तुम्ही कुठे राहता याला इथे महत्त्व नाही, आणि करारात कर्नाटक लिहिल्याने मुंबईतल्या घरावरचा हा कायदा टळत नाही. समन्स मिळाल्यावर भाडेकरूला ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर ताबा सोडण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासूनची भरपाई मासिक शुल्काच्या दुप्पट दराने मागता येते, ती मागायला विसरू नका.

मुदतीच्या आतलं थकलेलं भाडं असेल तर त्याचा दावा मुंबईच्या लघुवाद न्यायालयात. मालक आणि परवानाधारक, म्हणजे अशा करारावर राहणारा भाडेकरू, यांच्यातले ताबा व शुल्काचे दावे प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा, १८८२ च्या कलम ४१ ने फक्त त्याच न्यायालयाकडे सोपवले आहेत. म्हणूनच २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की अशा वादात लवादाचं कलम चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा विद्या द्रोलिया निकाल (२०२०) दाखवून कोणी म्हणेल की भाड्याचे वाद आता लवादाकडे जातात. तो निकाल मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालच्या भाडेपट्ट्यांपुरता आहे. भाडे नियंत्रण कायद्याने ठरावीक न्यायालयाकडे दिलेले वाद त्यानेही बाहेरच ठेवले आहेत.

'फक्त बंगळुरू' या शब्दांचंही तसंच. दोन न्यायालयांना अधिकार असेल तर करार त्यातलं एक निवडू शकतो. ज्याला अधिकारच नाही त्याला तो देता येत नाही, हे हकम सिंग निकालापासून (१९७१) ठरलेलं आहे. शिवाय निकालात स्वतःचा स्वार्थ असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमणं २०१९ पासून टिकत नाही.

तुमचा करार नोंदणीकृत आहे ना, हे आज तपासा. कलम २४ च्या अर्जात लेखी करारातल्या मजकुराला निर्णायक पुरावा मानतात. नोंदणी मालकाचीच जबाबदारी आहे, आणि ती नसेल तर कलम ५५ नुसार अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.