दोन थंड पेयांच्या चढाओढीत पुढचा बाजारहिस्सा कसा काढावा?

प्रश्न: आमच्या गावात दोनच थंड पेये चालतात. मागच्या आठवड्यात ‘अ’चा हिस्सा ६० टक्के होता, या आठवड्यात ५२ टक्के झाला. संक्रमण सारणी वापरून पुढचा हिस्सा सांगता येईल का?

उत्तर: केवळ या दोन आकड्यांवरून सांगता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पेय-वितरकाचे हिशेब मी पाहतो आणि तिथे हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून कारण थोडे विस्ताराने लिहितो.

समजा, तुमच्या गावातल्या २०० ग्राहकांपैकी १२० जणांनी मागच्या आठवड्यात ‘अ’ घेतले आणि ८० जणांनी ‘ब’. या आठवड्यात ‘अ’च्या १२० पैकी ९६ जण टिकले आणि २४ जण ‘ब’कडे गेले, तर ‘ब’च्या ८० पैकी ७२ टिकले आणि ८ जण ‘अ’कडे आले. प्रत्येक ओळीतल्या संख्येला त्या ओळीच्या बेरजेने भागले की सारणी तयार होते. वरची ओळ ‘अ’च्या जुन्या ग्राहकांची आणि खालची ‘ब’च्या:

```
0.80  0.20
0.10  0.90
```

‘अ’चा नवा हिस्सा म्हणजे ०.६० × ०.८० + ०.४० × ०.१० = ०.५२. हीच कृती पुन्हा केली की पुढच्या आठवड्यात ४६.४ टक्के आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सुमारे ४२.५ टक्के येतात. घसरण दरवेळी कमी होत जाते आणि आकडा ३३.३ टक्क्यांपाशी स्थिरावतो, कारण तिथे ‘अ’कडून जाणारे आणि ‘अ’कडे येणारे ग्राहक सारखेच होतात. हा अंतिम हिस्सा काढायला ‘ब’कडून येण्याच्या दराला दोन्ही बदलदरांच्या बेरजेने भागायचे: ०.१० ÷ ०.३०. त्यात सुरुवातीच्या ६० टक्क्यांचा कुठेही संबंध येत नाही, याकडे लक्ष द्या.

आता दुसरी शक्यता घ्या. ‘अ’चे ७० टक्केच ग्राहक टिकले आणि ‘ब’चे २५ टक्के ‘अ’कडे आले, तरी ०.४२ + ०.१० म्हणजे या आठवड्याचा हिस्सा ५२ टक्केच येतो. मात्र अंतिम हिस्सा ०.२५ ÷ ०.५५, म्हणजे सुमारे ४५.५ टक्के होतो. तुम्ही दिलेले दोन्ही आकडे दोन्ही सारण्यांत तंतोतंत बसतात, पण वितरकाने पुढच्या हंगामासाठी किती माल मागवावा याचे उत्तर दोन्हींत फार वेगळे आहे. म्हणूनच एकूण विकलेल्या बाटल्या मोजून भागत नाही. कोणत्या माणसाने मागच्या वेळी काय घेतले आणि या वेळी काय घेतले, याची नोंद लागते.

गावात ही नोंद शहरापेक्षा सोपी असते, कारण पानठेल्यावर आणि किराणा दुकानात रोजचीच माणसे येतात आणि दुकानदार त्यांना नावानिशी ओळखतो. वहीत ग्राहकामागे एक ओळ आणि आठवड्यामागे एक रकाना पुरतो. लग्नसराईत एकाच घराने उचललेले क्रेट मात्र यात धरू नयेत, कारण ती एका ग्राहकाची आवड नसते. दुसरी काळजी याहून महत्त्वाची आहे. दुकानातला फ्रीज पुष्कळदा एका कंपनीने दिलेला असतो आणि त्यात तिच्याच बाटल्या थंड होतात; मे महिन्यात ‘अ’ची थंड बाटली संपली म्हणून ग्राहकाने ‘ब’ घेतली, तर ते ब्रँड बदलणे नव्हे. त्या नोंदीपुढे खूण करावी आणि सारणी अशा नोंदी वगळून बनवावी, नाहीतर माल कमी पडल्याचा दोष आवडीच्या माथी बसतो.

वही पुरेशी मोठी आहे का, हेही पाहावे लागते. ८० पैकी ८ जण आले, यावरून काढलेला १० टक्के हा दर नमुन्याच्या चढउतारामुळे सहज ७ किंवा १३ टक्के असू शकतो, आणि तेवढ्यानेच अंतिम हिस्सा २६ ते ३९ टक्क्यांमध्ये हलतो. त्यामुळे मी एका आठवड्याच्या सारणीवर कधीच थांबत नाही. लागोपाठच्या काही आठवड्यांच्या संख्या एकत्र करतो, मात्र उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या नोंदी एकमेकांत मिसळत नाही.

शेवटची तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीने होते. पहिल्या सारणीप्रमाणे सुरुवातीच्या १२० ‘अ’ ग्राहकांपैकी दोन आठवड्यांनी ‘अ’ घेणारे ०.८० × ०.८० + ०.२० × ०.१० = ६६ टक्के, म्हणजे सुमारे ७९ जण असायला हवेत. वहीत ९५ जण निघाले, तर ग्राहकांत दोन जाती आहेत असे समजावे: काही कधीच न बदलणारे, तर काही दर आठवड्याला फिरणारे. सारणी मात्र फक्त मागचीच खरेदी पाहते आणि त्याआधीची विसरते. अशा वेळी पक्क्या ग्राहकांना बाजूला काढून उरलेल्यांचीच सारणी बनवावी आणि पक्क्यांचा हिस्सा शेवटी जसाच्या तसा मिळवावा.