गृहपाठावरची मीम्स: पालकांना काय लिहून कळवावं?

प्रश्न: मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. मुलांनी गृहपाठावर केलेली मीम्स दोन-तीन पालकांनी मला पाठवली, 'मुलांचं हे काय चाललंय?' म्हणून. मला त्यात काही वावगं वाटत नाही, मुलं नुसती कुरकुर करताहेत. हे पालकांना लेखी कसं समजावू?

उत्तर:

जरूर लिहा, फक्त 'मुलांची मीम्स निरुपद्रवी असतात' असं सरसकट वाक्य टाळा. महिनाभरात एखादं मीम कुणाला तरी लागणार, आणि मग तेच वाक्य पालक तुम्हाला वाचून दाखवणार. 'आपण दाखवलेली मीम्स निरुपद्रवी आहेत आणि ती का, ते सांगते' एवढ्यावरच थांबा. हे 'का' पटवून द्यायचं तर मीमचा निशाणा कुठे आहे, हे पालकांना दाखवून द्यावं लागेल.

एक नेहमीचा नमुना घेऊ. दोन चौकटी. पहिलीत शुक्रवारची संध्याकाळ, कुणीतरी मजेत लोळतंय, खाली लिहिलंय 'अजून दोन दिवस आहेत'. दुसरीत रविवारची रात्र, वहीसमोर बसलेला सांगाडा आणि खाली 'निबंधाची पहिली ओळ सुचत नाहीये'. पालकांना यात अभ्यासाचा तिटकारा दिसतो. नीट बघितलं तर मूल स्वतःच्या टाळाटाळीला हसतंय. निबंध लिहायचाय, तो सोमवारी द्यायचाय आणि आपण दोन दिवस वाया घालवले, हे सगळं त्याला पक्कं ठाऊक आहे. ते ठाऊक नसतं तर विनोदच जमला नसता.

आता या मीममध्ये एकच बदल करा. सांगाड्याच्या जागी वर्गातल्या एखाद्या मुलाचा फोटो लावा, की ती चिडवाचिडवी झाली. मुलं हसतीलच, पण एकाच्या जिवावर. त्याऐवजी शिक्षकांचा चेहरा दुसऱ्याच धडावर चिकटवला, तर ती टिंगल झाली आणि तिचा समाचार वेगळा घ्यावा लागतो. चित्र तेच, चौकटी त्याच, फक्त निशाणा बदलला. गृहपाठ, रविवारची रात्र, स्वतःचा आळस, संपत आलेलं पेन यांच्यावर रोख असेल तर ती कुरकुर. ओळखू येणाऱ्या माणसावर असेल तर तिला कुरकुर म्हणता येत नाही. ही कसोटी पालकांना घरीही लावता येते.

एक चूक फार शिकलेली माणसंही करतात. 'मनातलं बाहेर काढलं की राग निवळतो' असं लिहू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला; गप्प बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. म्हणजे राग उगाळत बसण्याने तो ओसरत नाही. गृहपाठाचं मीम निरुपद्रवी ठरतं ते वेगळ्या कारणाने. त्यात कुणावर राग धरलेला नसतो, अतिशयोक्ती उघड दिसते, आणि 'माझंही हेच झालं' अशी चार उत्तरं आली की विषय तिथेच संपतो. पालकांना हेच कारण द्या. ते खरंही आहे आणि कुणी उलटतपासणी केली तरी टिकतं.

मसुदा साधारण असा ठेवता येईल:

'सप्रेम नमस्कार. वर्गातली मुलं गृहपाठावर मीम्स करून एकमेकांना पाठवतात, हे काही पालकांनी माझ्या लक्षात आणून दिलं. त्याबद्दल आभार. मला दाखवलेली मीम्स मी पाहिली. त्यांत कुणा विद्यार्थ्याचं किंवा शिक्षकांचं नाव वा फोटो नाही. मुलं स्वतःच्या टाळाटाळीला आणि लांबलेल्या गृहपाठाला हसत आहेत. मोठी माणसं कामाच्या रगाड्याबद्दल आपसात जसं बोलतात, तसंच हे आहे. या मीम्सबद्दल मी कुणालाही शिक्षा करणार नाही आणि आपणही रागावू नये, अशी विनंती आहे. मात्र एखाद्या मीममध्ये कुणाचं नाव किंवा फोटो असेल, एकाच मुलाला वारंवार लक्ष्य केलं असेल किंवा स्वतःला इजा करण्याचा उल्लेख असेल, तर ते पुढे न पाठवता थेट मला फोन करावा. आपल्या पाल्याला रोजच्या गृहपाठाला किती वेळ लागतो, तेही डायरीत लिहून कळवावं. आपली, वर्गशिक्षिका.'

यात 'शिक्षा करणार नाही' हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर बरेच पालक सूचना तक्रारीसारखी वाचतात आणि त्याच रात्री मुलाचा फोन तपासतात. मीमचा स्क्रीनशॉट सूचनेला जोडू नका. कुणाचं हस्ताक्षर, कुणाची वही, वर दिसणारं ग्रुपचं नाव, यावरून ते मीम कुणी केलं हे लगेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल एकटं पडतं. शक्य असेल तर सूचना छापील द्या किंवा डायरीत चिकटवा. पालकांच्या ग्रुपवर टाकली की खाली चर्चा सुरू होते, आणि चौथ्या-पाचव्या उत्तरात कुणाचं तरी नाव येतंच.

स्वतःला इजा करण्याच्या उल्लेखाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण पालक इथेच गोंधळतात. 'गणिताने जीव घेतला' ही सातवीतल्या मुलांची रोजची भाषा आहे, तिने दचकायचं कारण नाही. विनोदाचा साज उतरून साधं वाक्य उरलं की लक्ष द्यायचं. चित्र नाही, हसणारी खूण नाही, ग्रुपऐवजी एकाच मैत्रिणीला मध्यरात्रीनंतर पाठवलेलं 'मला आता काहीच नको' हे मीम नव्हे. अशा वेळी 'हे कुणी पाठवलं?' याचा शोध नंतर घ्या. आधी त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोला आणि पालकांना व समुपदेशकांना कळवा.

वेळ विचारण्यामागेही कारण आहे. गृहपाठासाठी 'इयत्ता गुणिले 10 मिनिटं' असा एक ढोबळ ठोकताळा वापरतात. सातवीला तो रोजचा 70 मिनिटं येतो. हे सगळ्या विषयांचं मिळून, एकेकाचं नव्हे. डायरीतल्या नोंदी पुन्हापुन्हा दोन तासांवर जात असतील तर मुलांची कुरकुर खरी आहे. मीम्स कोणत्या वारी जास्त येतात तेही बघा. बुधवारीच येत असतील, तर बहुतेक त्या दिवशी तीन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता गृहपाठ दिलेला असतो. तो एका फळ्यावर वारांनुसार लिहायला लागलात तर गठ्ठा कुठे साचतोय ते लगेच दिसतं. ही दुरुस्ती तुमच्या बाजूची, पालकांच्या सूचनेत तिचा उल्लेख नको.

सूचना घरी जाण्याआधी वर्गात वाचून दाखवा. पाठीमागून काहीतरी गेलं असं मुलांना वाटलं तर ती नवा ग्रुप काढतील, आणि खरोखर काळजीचं काही असेल तर ते तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. या सूचनेवरही मीम निघेल, ते धरूनच चाला. ते हाती आलं की वरचीच कसोटी लावा.