‘असावे’ कुठे ठेवावे आणि कुठे काढावे

प्रश्न : रावेर तालुक्यातील केळीच्या एका मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, मी सहा खंडांत प्रयोग केला. प्रत्येक खंडातील दोन प्लॉटपैकी कोणाला नत्र ठिबकमधून दर आठवड्याला द्यायचे आणि कोणाला जमिनीतून, हे चिठ्ठी टाकून ठरवले. एकूण नत्र सारखेच होते. घडाचे सरासरी वजन ठिबकमध्ये २०.६ किलो, तर जमिनीतून दिलेल्या प्लॉटमध्ये १८.४ किलो भरले. फरकाचे ९५ टक्के विश्वास अंतराल ०.९ ते ३.५ किलो आहे. चर्चेत मी लिहिले : ‘ठिबकमधून विभागून दिलेल्या नत्रामुळे, निचरा घटल्याने, केळीच्या घडाच्या वजनात कदाचित काही प्रमाणात वाढ होण्याची शक्यता असावी, असे सूचित होऊ शकते.’ मार्गदर्शक म्हणतात की, इतके ‘कदाचित’ नकोत. पण एकाच शेतावरचे, एकाच हंगामाचे काम ठामपणे लिहिणे अप्रामाणिक होणार नाही का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण ती वाक्यात चुकीच्या जागी बसली आहे. ‘कदाचित’, ‘काही प्रमाणात’, ‘शक्यता’, ‘असावी’ आणि ‘सूचित होऊ शकते’ असे पाच सावध शब्द एकाच विधानावर आल्याने वाचकाला नेमके काय अनिश्चित आहे हेच कळत नाही : वजनाचा फरक, त्याचे कारण, नत्र पाण्याबरोबर मुळांखाली वाहून जाण्याचे म्हणजे निचऱ्याचे स्पष्टीकरण, की दुसऱ्या बागेत असेच घडेल ही अपेक्षा? या चारही गोष्टींची खात्री सारखी नाही, म्हणून त्यांना एकाच क्रियापदाने बांधता येत नाही.

वजनाचा फरक तुम्ही मोजला आहे, आणि काट्यावर तोललेल्या घडाबद्दल ‘वजन जास्त असावे’ असे रावेरचा व्यापारीही म्हणणार नाही. तेथे साधा भूतकाळ पुरतो : ‘घडाचे सरासरी वजन २.२ किलोने अधिक भरले.’ ‘काही प्रमाणात’ हे शब्द नम्र वाटतात, पण हाती असलेला आकडा ते झाकतात. खरी अनिश्चितता ०.९ ते ३.५ किलो या अंतरालात आधीच लिहिलेली आहे. वाढ किलोभरापेक्षा कमी किंवा साडेतीन किलोपर्यंतही असू शकते हे त्यावरून दिसते. हे दोन आकडे वाक्यात आले, की ‘कदाचित’ला काम उरत नाही.

कारणाचा प्रश्न रचनेवर सुटतो. प्लॉट चिठ्ठीने ठरले असल्याने ‘मुळे’ हा प्रत्यय तुम्हाला निःसंकोच वापरता येतो. मात्र दोन्ही प्लॉटना पाणी ठिबकनेच दिले होते, असे मी येथे धरतो आहे. जमिनीतून खत दिलेल्या प्लॉटना पाटाचे पाणी असेल, तर नत्राचा परिणाम पाण्याच्या परिणामापासून वेगळा करता येणार नाही. मग कारण म्हणून ‘ठिबकमधून दिलेले पाणी आणि नत्र’ असे दोन्ही लिहावे लागेल. हीच तुलना, शेतकऱ्यांनी आपापल्या मर्जीने ठिबक घेतलेल्या आणि न घेतलेल्या बागांमध्ये केली असती, तर ‘मुळे’ काढणे भाग होते. चांगल्या जमिनीचा, भांडवल असलेला शेतकरीच ठिबक आधी घेतो. अशा ठिकाणी ‘मुळे कदाचित वाढ झाली असावी’ असे लिहिणे हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण दावा कारणाचाच राहतो आणि ‘कदाचित’ त्याला केवळ आडोसा देतो. तेथे ‘ठिबक असलेल्या बागांत घडाचे वजन अधिक होते’ हेच खरे वाक्य.

स्पष्टीकरण मात्र वेगळ्या जातीचे आहे, आणि ‘असावा’ची खरी जागा तेथेच आहे. ‘निचरा कमी झाला असावा’ या रूपात, हाती असलेल्या खुणेवरून काढलेले अनुमान असते. ‘कमी झाला असेल’ हा सैल अंदाज ठरतो. ‘कमी झाला असू शकेल’ यात केवळ संभव आहे. निसवणीच्या वेळी पानातील नत्र तुम्ही तपासले असेल आणि ते ठिबकच्या प्लॉटमध्ये अधिक आढळले असेल, तर ‘असावा’ शोभेल. काहीच मोजले नसेल, तर ‘निचरा कमी झाला असू शकेल, तो येथे मोजलेला नाही’ असे लिहावे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य मला नकोसे वाटते, कारण जगातली बहुतेक गोष्ट नाकारता येत नाही. एखादी ठरावीक पर्यायी शक्यता तपासूनही ती दूर झाली नाही, तरच ते वापरावे.

राहिला एक शेत, एक हंगाम हा मुद्दा. ही मर्यादा क्रियापदात मिसळू नये. ती स्थळकाळाच्या शब्दांत स्पष्ट लिहावी. ‘रावेर तालुक्यातील खोल काळ्या जमिनीवरील या मृगबागेत’ एवढ्या शब्दांनी वाक्याचा आवाका ठरतो, आणि त्या आवाक्यात ते ठाम राहू शकते (जमीन कोणती, ते तुमच्या माती परीक्षणावरून लिहा). पुढे ‘ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या कांदेबागेची सुरुवातीची वाढ थंडीत होते, म्हणून तेथे आठवड्याच्या हप्त्यांचा परिणाम वेगळा असू शकेल’ असे जोडले, तर मर्यादेला अर्थ येतो. ‘हा अभ्यास एका शेतापुरता मर्यादित आहे’ हे एकटे वाक्य औपचारिक माफीसारखे वाचले जाते. मर्यादा लिहिताना ती निष्कर्षाला कोणत्या दिशेने ढकलेल हे शक्य तेथे सांगावे. तुमचे प्लॉट शेजारी असतील आणि मधे राखीव ओळ नसेल, तर ठिबकचे नत्र शेजारच्या मुळांपर्यंत पोहोचले असू शकेल, आणि तसे झाले असल्यास खरा फरक मोजलेल्या २.२ किलोपेक्षा मोठा असेल. उलट, विषाणूग्रस्त झाडे तुम्ही मोजणीतून वगळली असतील आणि ती ठिबकच्या प्लॉटमध्ये जास्त होती असे निघाले, तर फरक फुगलेला असेल. म्हणून प्रत्येक बाजूला किती झाडे वगळली तो आकडा द्यावा. आकडे जवळजवळ सारखे असतील, तर या मर्यादेवर एक ओळ पुरे.

एवढे केल्यावर मूळ वाक्य असे होईल : ‘रावेर तालुक्यातील एका मृगबागेत, तेवढेच नत्र जमिनीतून देण्याऐवजी ठिबकमधून दर आठवड्याला दिल्यामुळे घडाचे सरासरी वजन २.२ किलोने वाढले (९५ टक्के विश्वास अंतराल ०.९ ते ३.५ किलो). निचरा कमी झाल्याने हे घडले असू शकेल, परंतु निचरा मोजलेला नाही. प्रयोग एकाच हंगामाचा असल्याने कांदेबागेला हा निष्कर्ष लागू करता येत नाही.’ तीन वाक्यांत सावध क्रियापद एकच आहे, आणि तरीही आधीपेक्षा अधिक मर्यादा स्पष्ट झाल्या आहेत.

उलट बाजूची एक सूचना. ‘असावे’ काढण्याच्या भरात लोक फरक न आढळलेल्या निकालांवरही तोच हात चालवतात. समजा, घडातील फण्यांच्या संख्येत ०.३ फणीचा फरक आला आणि त्याचे अंतराल उणे ०.४ ते अधिक १.० असे आहे. येथे ‘फण्यांच्या संख्येवर परिणाम होत नाही’ हे ठाम वाक्य चूक आहे, कारण एका पूर्ण फणीची वाढही त्या अंतरालात बसते, आणि एक फणी बागाईतदाराच्या दृष्टीने किरकोळ नसते. येथे ‘परिणाम कदाचित नसावा’ हेही नको. तेही नसण्याकडेच झुकते. ‘फण्यांच्या संख्येत स्पष्ट फरक आढळला नाही, सहा खंडांच्या या प्रयोगातून एका फणीपर्यंतची वाढ वगळता येत नाही’ असे लिहावे.