घड्याळातला पेस उड्या का मारतो?

घड्याळ बिघडलेलं नाही. धावताना ६:०० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाने, ५ सेकंदांत तुम्ही साधारण १४ मीटर जाता. झाडांखाली किंवा उंच इमारतींमध्ये जीपीएस ३ मीटर चुकलं, की तेच अंतर ११ किंवा १७ भरतं आणि पेस ७:३४ किंवा ४:५४ दिसतो. स्मूदिंगमध्ये मागच्या काही सेकंदांची सरासरी दिसते. आकडा शांत होतो, पण वेग बदलल्यावर उशिरा हलतो. म्हणून त्या आकड्यामागे धावू नका, १ किलोमीटरचा लॅप पेस, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी, स्क्रीनवर लावा.

तुम्ही थांबलात की घड्याळ आपोआप थांबवणाऱ्या ऑटो पॉजने उड्या थांबत नाहीत. सिग्नलला थांबलेला वेळ वगळल्याने सरासरी तेवढी चांगली दिसते. चढावर हळू झालात तर तो उगाच थांबतोही. शर्यतीत मात्र तो बंदच ठेवा, तिथलं घड्याळ थांबत नाही.